डेटिंगआधी स्वतःच्या अटी कशा ठरवायच्या?

प्रश्न: डेटिंग सुरू करायचंय, पण पहिल्याच गप्पांत मी समोरच्याच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणत सुटते. आपल्याला काय हवंय ते आधी कसं ठरवू?

उत्तर: मनातलं सगळं कागदावर लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे विचारा: बाकी सगळं जुळलं आणि एवढंच नसलं, तरी मी नाही म्हणेन का? उंची, खाण्याच्या आवडी बहुधा इथेच गळतात. उरतात त्या अटी.

अट मोघम ठेवू नका. समजा तुम्ही एकुलत्या एक आहात. ‘फॅमिलीवाला हवा’ यातून काहीच कळत नाही. ‘आईबाबा पुढे माझ्याजवळ राहतील, माझ्या पगारातला काही भाग त्यांच्यासाठी असेल’, असं लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हेच शांतपणे सांगा, आणि शांतता पसरली म्हणून घाईने ‘पण बघू, ॲडजस्ट करता येईल’ असं जोडू नका. अट तिथेच ढिली पडते.

मग विचारा, “तुझ्या घरी आजीआजोबांचं कोण बघायचं?” नुसतं मत विचारलं तर बहुतेक जण गोडच बोलतात, घरात काय घडलं ते विचारलं की माणूस जास्त कळतो. दोनदा विचारूनही ‘नंतर बघू’च आलं, तर मी तो नकार धरेन.