कमाईच्या आठवड्यानंतरचा शनिवार

प्रश्न : मी रोखीच्या बाजारात दोन ते पाच दिवसांचे सौदे करतो. भांडवल 8 लाख रुपये असून एका सौद्यात 8 हजारांहून जास्त तोटा होऊ देत नाही. गेल्या आठवड्यात 9 पैकी 7 सौदे फायद्यात गेले आणि 64 हजार मिळाले. सोमवारपासून जोखीम 16 हजार करावी असे मनात आहे. पत्नी म्हणते, आधी स्वतःला एक चिठ्ठी लिहा. काय लिहू? (डोंबिवली)

चिठ्ठीची कल्पना उत्तम आहे, मात्र ती शुक्रवारी साडेतीनला बाजार बंद होताच लिहू नका. शनिवारी सकाळी कॉन्ट्रॅक्ट नोटा समोर ठेवून लिहा, कारण चिठ्ठीत निश्चय कमी आणि हिशेब जास्त असायला हवा.

तुम्ही सोबत पाठवलेला तपशील मी पाहिला. एका सौद्याने 28 हजार आणि दुसऱ्याने 16 हजार दिले. उरलेल्या पाच फायद्यांची बेरीज 36 हजार होते आणि दोन तोट्यांत 16 हजार गेले. म्हणजे दोन मोठे सौदे बाजूला ठेवले, तर आठवड्याची कमाई 20 हजार उरते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, फायद्यातले सातही सौदे खरेदीचे होते आणि त्यांतले पाच बँकांच्या शेअरमधले होते. त्या आठवड्यात बँकांचे शेअर एकत्र वर गेले. कागदावर सात सौदे दिसतात, पण प्रत्यक्षात त्यांपैकी पाचांत तुम्ही एकाच अंदाजावर पैसे लावले आणि तो अंदाज एकदा बरोबर ठरला. त्यावरून तुमच्या पद्धतीविषयी जे कळते, ते सात स्वतंत्र यशांवरून कळले असते त्यापेक्षा फारच थोडे आहे.

आता आकार दुप्पट केल्यावर काय होते ते पाहू. 8 हजारांची जोखीम हे एक माप धरले, तर गेल्या आठवड्यात तुम्ही 8 मापे कमावली. पुढच्या दोन आठवड्यांत बाजार रेंगाळला आणि तुम्ही 5 मापे गमावली, असे समजू. यात अघटित काहीच नाही. नाणेफेकीसारखी निम्मी-निम्मी शक्यता असलेल्या 100 सौद्यांत कधी तरी सलग 5 तोटे येण्याची शक्यता सुमारे 81 टक्के असते. आकार तोच ठेवला असता, तर 64 हजारांतून 40 हजार जाऊन 24 हजार हाती राहिले असते. दुप्पट आकाराने मात्र तीच 5 मापे 80 हजारांची होतात आणि खाते 16 हजारांनी तोट्यात जाते. पद्धतीने 3 मापे कमावली, तरी खात्याने पैसे घालवले. दोष शेअर निवडण्यात नाही; कमाई लहान मापाने झाली आणि भरपाई मोठ्या मापाने करावी लागली, एवढेच.

मी तुमच्या जागी असतो, तर चिठ्ठी अशी लिहिली असती :

“या आठवड्यात 64 हजार मिळाले. त्यांपैकी 44 हजार दोन सौद्यांतून आले आणि सात फायद्यांपैकी पाच बँकांच्या एकाच तेजीतले आहेत. माझी निवड सुधारली, याचा पुरावा या कागदांत नाही. 16 हजारांची जोखीम घेतली, तर चार तोट्यांत हे सारे परत जाईल. 8 हजारांची ठेवली, तर आठ तोटे लागतील. जोखमीचा आकडा महिनाअखेरीस, शेवटच्या शनिवारीच बदलेन. तोपर्यंत 8 हजार.”

खाली तारीख आणि सही करा. सही कशाला, असे वाटेल. पण बिनसहीची चिठ्ठी सोमवारी दुसऱ्याच कोणाची तरी वाटू लागते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आकार वाढवायचाच नाही, तर भांडवल वाढून उपयोग काय? मोठे व्यापारी फायद्यानंतर आकार वाढवतातच ना? (भांडुप)

वाढवतात, पण भांडवल वाढले म्हणून, उत्साह वाढला म्हणून नव्हे. वरच्याच उदाहरणात भांडवल 8 लाखांचे 8 लाख 64 हजार झाले. एक टक्क्याच्या नियमाने सौद्यामागची जोखीम 8 हजारांवरून 8,640 रुपये होते. शेअरचा भाव 800 रुपये आणि स्टॉपलॉस 32 रुपये खाली असेल, तर पूर्वी 250 शेअर घेता येत होते, आता 270 घेता येतील. वीस शेअर जास्त, म्हणजे 8 टक्के वाढ. कमाईही 8 टक्केच झाली होती. मनात मात्र 500 शेअर असतात. या दोन आकड्यांमधला 230 शेअरांचा फरक म्हणजे अतिआत्मविश्वास. त्याचे मोजमाप इतके नेमके क्वचितच मिळते, म्हणून तो आकडा वहीत लिहून ठेवावा.

हे वीस शेअरही लगेच सोमवारी वाढवू नयेत. अल्पकालीन नफ्यावर 20 टक्के कर आणि वर उपकर द्यायचा असतो, त्यामुळे 64 हजारांतले सुमारे 13 हजार खात्यात दिसत असले, तरी तुमचे नाहीत.

प्रश्न : मी निफ्टी फ्युचर्समध्ये एका लॉटचा सौदा करतो. भांडवल 5 लाख आहे. चांगल्या आठवड्यानंतर फक्त एक लॉट वाढवला, तर तो अतिआत्मविश्वास कसा? (मुलुंड)

“फक्त एक” हा शब्द तुम्हाला फसवतो आहे. रोखीत 250 चे 270 शेअर करता येतात, लॉट मात्र तोडता येत नाही. एकाचे दोन लॉट म्हणजे एका झटक्यात 100 टक्के वाढ. 65 च्या लॉटमध्ये 75 अंशांचा स्टॉपलॉस ठेवला, तर जोखीम 4,875 रुपये होते आणि 5 लाखांच्या एक टक्क्यात ती जेमतेम बसते. दोन लॉटची जोखीम 9,750 रुपये. ती एक टक्क्यात बसायला 9 लाख 75 हजारांचे भांडवल हवे. 5 लाखांपासून तिथपर्यंतचा सारा प्रवास एकाच लॉटवर करायचा आहे. तो कंटाळवाणा आहे, हे मान्य. मार्जिन दुसऱ्या लॉटला पुरते, हे कारण देऊ नये. मार्जिन हे ब्रोकर आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशन यांच्या सुरक्षिततेसाठी ठरवलेले असते, तुमच्या नव्हे.

प्रश्न : मी नियम मोडलेला नाही. जोखीम एक टक्काच आहे. फक्त आता अंदाज नेमका येऊ लागल्याने स्टॉपलॉस जवळ आणला आणि त्यामुळे शेअर जास्त बसले. यात काही चूक आहे का? (गिरगाव)

आहे, आणि या पाचही पत्रांत मला सर्वांत जास्त काळजी तुमच्या पत्राची वाटते, कारण वहीत ही चूक दिसतच नाही. 800 रुपयांच्या शेअरमध्ये 32 रुपयांऐवजी 16 रुपयांवर स्टॉपलॉस लावला, की 8 हजारांच्या जोखमीत 250 ऐवजी 500 शेअर बसतात. जोखमीचा रकाना तसाच राहतो, पण सौद्याची किंमत 2 लाखांवरून 4 लाखांवर जाते. आठ लाखांच्या भांडवलातले निम्मे पैसे एका शेअरमध्ये गेले.

याचे परिणाम दोन. पहिला लवकर कळतो : जो शेअर रोज वीस-पंचवीस रुपये वरखाली होतो, त्यात 16 रुपयांचा स्टॉपलॉस साध्या हेलकाव्यात लागतो. तुम्ही बाहेर पडता आणि दुपारी भाव तुमच्याच दिशेने जातो. असे आठवड्यात तीनदा घडले, तर अंदाज चुकलेला नसून अंतर चुकलेले आहे, असे समजावे. दुसरा परिणाम उशिरा कळतो आणि महाग पडतो. शेअर रात्रभर धरला आणि सकाळी वाईट बातमीने तो 8 टक्के खाली, म्हणजे 736 रुपयांना उघडला, तर स्टॉपलॉस मधल्या भावात लागूच शकत नाही. 250 शेअरांवर 16 हजारांचा तोटा होतो, 500 वर 32 हजारांचा. कागदावर दोन्ही सौद्यांची जोखीम 8 हजारच होती.

ओळखण्याची खूण सोपी आहे. आधी स्टॉपलॉस ठरला आणि त्यावरून शेअरसंख्या निघाली, की आधी संख्या मनात आली आणि तिच्यासाठी स्टॉपलॉस सरकवला, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. गेल्या वीस सौद्यांतील स्टॉपलॉसची टक्केवारी क्रमाने लिहिली, तर चांगल्या आठवड्यानंतर ती निम्मी झालेली तुम्हाला दिसेल.

प्रश्न : चिठ्ठी लिहिली, पाकिटातही ठेवली, पण सोमवारी ठाणे आणि दादरच्या मध्ये लोकलमध्ये उभा असतानाच फोनवरून दुप्पट शेअर घेतले. चिठ्ठी पाळायची कशी? (ठाणे)

कमावलेला पैसा अजून “बाजाराचाच” आहे, असे त्या क्षणी वाटत असते. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी 1990 मध्ये दाखवून दिले होते की, आधी मिळालेल्या लाभानंतर माणूस एरवी नाकारेल असा जुगारही पत्करतो, कारण तो नफा त्याला अजून स्वतःचा वाटत नाही. म्हणून नफा आपला करण्याची कृती शनिवारीच करावी. ठरलेल्या सौद्यांना लागणार नाही ती रक्कम ब्रोकरकडून बँक खात्यात परत मागवण्याची नोंद टाकावी आणि तिच्यातून कराचा वाटा वेगळा काढावा. खात्यात ठरलेल्या सौद्यांपुरतेच पैसे उरले, तर 500 शेअरांची ऑर्डर आपोआप अडते. दुसरे म्हणजे, सोमवारच्या संभाव्य सौद्यांची शेअरसंख्या रविवारी रात्रीच चिठ्ठीखाली लिहावी. लोकलमध्ये भाव ठरवता येईल, संख्या मात्र घरीच ठरलेली असेल.

हे मी शहाणपणाने शिकलेलो नाही. 1 जून 2024 च्या शनिवारी मतदानोत्तर चाचण्या आल्या आणि सोमवारी, 3 जूनला निफ्टी 733 अंशांनी वाढून 23,263.90 वर बंद झाला. माझा नेहमीच्या आकाराचा खरेदीचा सौदा होता आणि त्यात सुमारे 36 हजार मिळाले. त्याच दुपारी मी सौदा दुप्पट केला आणि स्टॉपलॉस काढून टाकला. निकाल तर ठरल्यासारखाच आहे, असे मी शेजारच्या टेबलावरच्या मित्राला सांगितल्याचेही आठवते. 4 जूनला निफ्टी 1,379 अंशांनी, म्हणजे जवळपास 6 टक्क्यांनी खाली 21,884.50 वर बंद झाला. मी साधारण 760 अंश खाली बाहेर पडलो आणि 76 हजार गमावले. सोमवारी मिळालेले अंश आणि मंगळवारी गेलेले अंश जवळजवळ सारखेच होते. त्या दिवशीच्या वहीच्या पानावर मी नंतर फक्त दोन संख्या शेजारी-शेजारी लिहिल्या, सोमवारी धरलेले नग 50 आणि मंगळवारी धरलेले नग 100, आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जोखमीचा आकडा ठरवण्याआधी ते पान उघडतो.