वेग वाढवा, पण ‘ळ’ हरवू देऊ नका

तुमच्या पहिल्या शॉर्टसाठी ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ घ्या. मराठी शिकणाऱ्यांची जीभ ‘र’ आणि ‘ळ’ यांतच अडखळते, म्हणून हे वाक्य नेमकं कामाचं.

मोबाईलवर मेट्रोनोम लावा. प्रत्येक शब्दाला एक ठोका, म्हणजे सात ठोके, आणि आठवा श्वासाला मोकळा. तो खाऊ नका. बघणारा तिथेच पुढच्या फेरीसाठी सावरतो. पहिली फेरी मिनिटाला 60 ठोक्यांनी, मग 80, 100, 120. चार फेऱ्या मिळून तेवीस सेकंदांच्या आत बसतात.

एकच फेरी रेकॉर्ड करून एडिटिंगमध्ये पळवायचा मोह होईल. तसं केलंत तर ‘ळ’ पुसट होतो आणि शिकणाऱ्याला चुकीचं ऐकू येतं. चारही फेऱ्या खरोखर म्हणा.

नंतर डोळे मिटून शेवटची फेरी ऐका, विशेषतः ‘मिसळले’. ‘ळ’ला जीभ मागे वळून टाळूला लागते, लगेच ‘ल’साठी दातांमागे येते. घाईत ‘मिसल्ले’ ऐकू आलं, तर 110 वर थांबा. माझ्या मते स्पष्ट 110 हे गुळमुळीत 120 पेक्षा कधीही बरं.