आजीच्या देवघरातली रविवर्मा प्रेसची लक्ष्मी फ्रेममधून काढली. ओळखीतले एकजण म्हणाले, "कडेला प्लेट मार्क नाही, म्हणजे नक्कल आहे." खरंच असं असतं का?

नाही. ते गृहस्थ नियम बरोबर सांगताहेत, पण तो दुसऱ्या जातीच्या चित्राचा आहे.

प्लेट मार्क येतो तो तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्राला. तिथे शाई खाचांमध्ये असते. ओलसर कागद पत्र्यावर ठेवून दोन रुळांमधून जोरात दाबून काढतात, तेव्हा पत्र्याची कड कागदात रुतते. थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांची 1795 ते 1808 या काळातली हिंदुस्थानातली दृश्यं अशी पत्र्यावरची आहेत, तिथे ही खूण शोधावी. (कडा कापून फ्रेम केलेली असेल तर अस्सल चित्रातही ती सापडणार नाही.) तुमची लक्ष्मी मात्र शिळाछापाची. रविवर्मा प्रेस 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे गुळगुळीत दगडावर चित्र काढून, एकेका रंगाला वेगळा दगड वापरून छपाई व्हायची. सपाट दगडाची कड कागदात रुतत नाही. उलट असल्या चित्राला रेखीव प्लेट मार्क दिसला तर मला आधी शंका येईल. तशी खूण कोरा ठसा दाबून मागाहूनही उठवतात.

म्हणून प्लेट मार्क सोडा आणि दहा पट दाखवणारं भिंग आणा. घड्याळजीकडे असतं तसलं चालेल. देवीचा गाल बघा, कारण तिथे फिका रंग हळूहळू गडद होतो आणि तो कसा केला हे लपत नाही. दगडावरच्या छपाईत ठिपके हाताने दिलेले असतात: लहानमोठे, कुठे दाट, कुठे विरळ, रांग अशी नाहीच. गुलाबी, पिवळा, तपकिरी असे वेगवेगळे रंग एकमेकांवर चढलेले दिसतात, आणि हाताच्या बोटांशी वगैरे एखादा रंग रेषेबाहेर केसभर सरकलेला असतो. नकला निघतात त्या यंत्रावरच्या ऑफसेट छपाईत तोच गाल निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चारच रंगांच्या ठिपक्यांचा होतो, आणि ते ठिपके ठरावीक जाळीत, बारीक फुलांसारखे बसतात. एकदा बघितलंत की पुन्हा विसरत नाही. खालची प्रेसच्या नावाची ओळही तपासा. नक्कल म्हणजे मूळ छापाचा फोटो, त्यामुळे अक्षरांच्या कडाही ठिपक्यांनी खडबडीत झालेल्या दिसतात. अस्सल छापात अक्षर सलग शाईचं असतं.

एक अडचण आहे. जाळीचे ठिपके म्हणजे कालपरवाची छपाई असं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही जाळीच्या ब्लॉकवरून छपाई होत होती. तेव्हा जाळी दिसली तर 'हा मूळ शिळाछाप नाही' एवढंच नक्की. वयासाठी कागदाकडे वळावं लागतं.

नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च अंधाऱ्या खोलीत कागदाच्या पाठीवर मारा. साधारण 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत चकाकी आणणारं रसायन असतं, ते निळसर-पांढरं झळकतं. तसं झळकलं तर रविवर्मा काळाचा दावा संपला. झळकलं नाही तर एवढंच कळतं की या परीक्षेत पकडलं गेलं नाही, कारण आजही असं रसायन नसलेले कागद मिळतात, आणि जुन्या वह्यांची कोरी पानं वापरणारेही आहेत.

रंगावर जाऊ नका. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद दोन्ही बाजूंनी सारखाच तपकिरी होतो. खरा जुना कागद असमान पिकतो: पाठीमागे लाकडी फळ्यांच्या फटींचे पट्टे उठतात, आणि फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली कड उजेडातल्या भागापेक्षा वेगळ्या रंगाची राहते. तुम्ही फ्रेम काढलीच आहे, तर ती कड आत्ताच बघून घ्या.

मी स्वतः फसलोय. चोरबाजारात एका दुकानातून सरस्वती घेतली, मधोमध घडी, कोपऱ्यात पाण्याचा डाग, सगळं पटण्यासारखं. घरी येऊन घडीवरून बोट फिरवलं, तर बोटाला काहीच लागेना. भिंग लावलं, तर डागाचेही तेच चौरंगी ठिपके! कुणाच्या तरी घरातल्या अस्सल छापाचा फोटो डागासकट छापला होता. त्या दिवसापासून मी चित्राआधी डाग तपासतो.