मे महिन्यात बीपी उतरतं, गोळी कमी करायची का?

प्रश्न: आई ६८ वर्षांची, ग्वाल्हेरला असते. एरवी १३० असणारं वरचं बीपी मे लागल्यापासून १०५ दाखवतंय, उठलं की गरगरतं. गोळी कमी करायची का?

उत्तर: हो, बहुधा कमी करावी लागेल, पण डॉक्टरांना विचारून आणि याच आठवड्यात. मी ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात प्रॅक्टिस करतो. इथे पारा पंचेचाळिशीला टेकला की अशा तक्रारी येतातच. उष्णतेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, त्यामुळे बीपी आपसूकच उतरतं. त्यात गोळी लघवी वाढवणारी असेल तर तीही तेच पाणी-मीठ बाहेर काढते. आधी पाकीट वाचा: टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या औषधाच्या पुढे लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलंय का? असेल तर डॉक्टर बहुतेकदा हाच भाग उन्हाळ्यापुरता कमी करतात किंवा थांबवतात आणि थंडीत बीपी चढलं की परत सुरू करतात.

जाण्याआधी घरी एवढं करा: आईंना पाच मिनिटं आडवं करून बीपी घ्या, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. हाताशी खुर्ची असू द्या. समजा आडवं असताना ११२ आणि उभं राहिल्यावर ८८ आलं, तर २४ ची घसरण झाली. २० किंवा जास्त आली की तो आकडा डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिनही तपासतील. उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा लघवी फारच कमी झाली, तर त्याच दिवशी दाखवा.

मात्र गोळी हृदयाच्या दुखण्यासाठी असेल तर हा हिशोब लागू नाही, आणि मेटोप्रोलोलसारखी गोळी एकदम सोडणं धोक्याचं असतं.