सर्व्हे अहवाल आला, पैसे आले नाहीत: सागरी मालविम्याच्या क्लेमसाठी पाठपुराव्याचा मेल

सर्व्हे होऊन जवळजवळ तीन महिने झाले. मी तीन मेल पाठवले, तिन्ही वेळा ‘क्लेम प्रक्रियेत आहे’ एवढंच उत्तर आलं. चौथ्या मेलमध्ये वेगळं काय लिहू?

‘स्थिती कळवा’ असं विचारलं की ‘प्रक्रियेत आहे’ हेच उत्तर येणार, कारण ते खोटं नसतं आणि लिहायला सोपं असतं. म्हणून आधी प्रश्न बदला. तुमची फाइल सर्व्हेअरकडे, क्लेम विभागाकडे, रक्कम मंजूर करणाऱ्याकडे किंवा अकाउंट्सकडे, यांपैकी कोणाच्या तरी टेबलावर पडून आहे. ती कुठे आहे हे तुमच्याजवळच्या तारखा बऱ्यापैकी सांगतात. त्या तारखा मेलमध्ये ओळीने मांडल्या की वाचणाऱ्याला मधली रिकामी जागा दिसते आणि तिच्याबद्दल बोलावंच लागतं.

एक हिशेब घेऊ. कॉफीचे ३२० पोती, प्रत्येकी ६० किलो, एका कंटेनरमध्ये आले. विम्याची रक्कम सीआयएफ किमतीच्या ११० टक्के, म्हणजे ८४,४८० डॉलर. एका पोत्याला २६४ डॉलर. कंटेनरच्या छतातून पाणी शिरून ८४ पोती भिजली. सर्व्हेअरने ३० पोती पूर्ण वाया गेली असं धरलं (७,९२० डॉलर) आणि उरलेल्या ५४ पोत्यांना ४० टक्के घट दिली (५,७०२.४० डॉलर). बेरीज १३,६२२.४० डॉलर. पॉलिसीत विम्याच्या एकूण रकमेवर अर्धा टक्का एक्सेस आहे, म्हणजे ४२२.४० डॉलर वजा. देय रक्कम बरोबर १३,२०० डॉलर. आता मेल असा लिहा:

> विषय: क्लेम क्र. (…) – अंतिम सर्व्हे अहवाल २ एप्रिल – १३,२०० डॉलर देय – पेमेंटची तारीख हवी
>
> महोदय,
> वरील क्लेमच्या तारखा अशा आहेत:
> ४ मार्च – मालाची डिलिव्हरी; त्याच दिवशी तुम्हाला सूचना
> ६ मार्च – जहाज कंपनीला लेखी नुकसान-सूचना
> ७ मार्च – सर्व्हे
> १४ मार्च – सर्व्हेअरने कागद मागितले. १८ मार्चला सर्व दिले
> २ एप्रिल – अंतिम सर्व्हे अहवाल
> २४ एप्रिल – १३,२०० डॉलरचं डिस्चार्ज व्हाउचर सही करून तुम्हाला पोचवलं
>
> अहवालाला आज, ३० मे रोजी, ५८ दिवस झाले आणि व्हाउचर दिल्याला ३६. २४ एप्रिलनंतर आमच्याकडे कोणताही कागद मागितलेला नाही.
> कृपया ६ जूनपर्यंत यांपैकी एक कळवा: (१) पेमेंटची तारीख, किंवा (२) जो कागद वा मुद्दा बाकी आहे त्याचं नाव आणि तो कोणाकडे आहे.
> व्हाउचरची प्रत आणि पोच सोबत जोडली आहे. बँकेचा तपशील व्हाउचरवर आहे तोच कायम आहे.

या मेलमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे ‘२४ एप्रिलनंतर कोणताही कागद मागितलेला नाही’. ते लिहिण्याआधी स्वतःचा इनबॉक्स, स्पॅम आणि विमा ब्रोकरचे मेल नीट तपासा. ब्रोकरकडे १० मेला आलेली एखादी विचारणा तुमच्यापर्यंत पोचलीच नसेल, तर हे एक वाक्य चुकीचं ठरतं आणि तुमची उरलेली तारीखयादीही संशयाने वाचली जाते.

बँकेबद्दलचं शेवटचं वाक्यही मुद्दाम आहे. पाठपुराव्याच्या मेलमधून खाते क्रमांक बदलू नका. मेलमधल्या बदललेल्या खात्यावरून फसवणुका होतात म्हणून अकाउंट्स विभाग असं पेमेंट थांबवून नव्याने खातरजमा सुरू करतो. खातं खरंच बदललं असेल तर ते वेगळ्या पत्राने, अधिकृत सहीने आणि फोनवर पडताळणी करून कळवा.

आणखी एक शब्द टाळा. ‘सर्व्हेअरने क्लेम मंजूर केला आहे’ असं लिहू नका. सर्व्हेअर नुकसानीचं कारण, स्वरूप आणि प्रमाण नोंदवतो. दायित्व मान्य करणं हे विमा कंपनीचं काम. हा शब्द वापरलात तर उत्तर त्या शब्दाला येईल आणि पेमेंटचा प्रश्न तसाच राहील. ‘सर्व्हेअरने नुकसान १३,६२२.४० डॉलर ठरवलं’ इतकंच लिहा.

दिवस कधीपासून मोजायचे? अहवालावर २ एप्रिल आहे, विमा कंपनी म्हणते आम्हाला तो २१ एप्रिलला मिळाला.

पॉलिसीचं कलम किंवा तुमच्या ठिकाणचा नियम ज्या घटनेपासून मुदत मोजायला सांगतो, तिथून. बहुतेक वेळा ती घटना ‘अंतिम अहवाल मिळाल्यापासून’ किंवा ‘शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून’ अशी असते. अहवालावर छापलेली तारीख धरून मोजलंत तर सगळी चर्चा त्या १९ दिवसांवरच अडकते.

मेलमध्ये दोन्ही तारखा लिहा आणि नंतरच्या तारखेपासूनचे दिवसही मोजून दाखवा: ‘तुमच्या म्हणण्यानुसार २१ एप्रिल धरला तरी आज ३९ दिवस झाले.’ त्यांची तारीख मान्य करूनही उशीर उरत असेल, तर वादाला जागा राहत नाही. त्याच मेलमध्ये सर्व्हेअरला प्रत पाठवून एकच साधा प्रश्न विचारा: अहवाल कोणत्या दिवशी आणि कोणत्या मार्गाने पाठवला? अहवालाची प्रत तुम्हाला मिळत नसली तरी पाठवल्याची तारीख विचारायला हरकत नसते.

प्राथमिक आणि अंतिम अहवालात मात्र गल्लत करू नका. सर्व्हेनंतर दोन-तीन दिवसांत जातो तो बहुधा प्राथमिक अहवाल असतो. त्यात अंदाजे नुकसान असतं आणि विमा कंपनी त्यावरून फक्त राखीव रक्कम बाजूला ठेवते. त्यापासून पेमेंटची मुदत मोजली की सगळी तक्रारच कच्ची पडते. उशीर सर्व्हेअरकडेच असेल, म्हणजे अंतिम अहवाल निघालाच नसेल, तर मेल सर्व्हेअरला आणि प्रत विमा कंपनीला असा उलटा जातो. त्यात कोणता कागद कोणत्या तारखेला दिला एवढंच लिहा. भिजलेल्या मालाचा लिलाव किंवा प्रयोगशाळेची चाचणी बाकी आहे का, तेही विचारा; चाचणीचा निकाल हे उशिराचं खरं कारण असू शकतं. पाणी समुद्राचं की पावसाचं हे बघायला सर्व्हेअर सिल्व्हर नायट्रेट वापरतात. ती जागेवरच होणारी चाचणी आहे. तिला आठवडे लागत नाहीत.

अहवाल येऊन दीड महिना झाल्यावर आता विमा प्रमाणपत्राचा मूळ कागद मागितला आहे. हे टाळाटाळ समजायचं का?

लगेच तसं समजू नका. सीआयएफ अटीवर विमा विक्रेता काढतो आणि क्लेम खरेदीदार करतो. प्रमाणपत्र विक्रेत्याच्या नावावर असेल आणि मागच्या बाजूला त्याने सही करून ते हस्तांतरित केलेलं नसेल, तर पैसे कोणाला द्यायचे हे कागदावरून ठरत नाही. हा दोष नुकसानीच्या चर्चेत दिसत नाही. चेक काढायची वेळ आली की अकाउंट्सच्या टेबलावर उघडा पडतो. पॉलिसी बँकेच्या नावे तारण असेल तरी असंच होतं, मग बँकेचं ना-हरकत पत्र लागतं.

कागद द्या, पण एका अटीसह लिहा: ‘सही केलेलं मूळ प्रमाणपत्र आज कुरिअरने पाठवलं, पावती जोडली आहे. याशिवाय आणखी काही लागणार असेल तर ते सगळं एकत्र कळवा.’ पुढच्या वेळी नवीन कागद मागितला गेला तर हे वाक्य उपयोगी पडतं. आधीच दिलेला कागद पुन्हा मागितला असेल तर तो पुन्हा जोडा आणि पहिल्यांदा दिल्याची तारीख लिहा. रागाचं वाक्य नको.

विमा कंपनी १३,२०० ऐवजी ९,००० डॉलरचं ‘पूर्ण व अंतिम’ व्हाउचर पाठवते आहे. पैसे लवकर यावेत म्हणून सही करू का?

फरकाचं कारण लेखी येईपर्यंत करू नका. ‘पूर्ण व अंतिम’वर सही झाली की उरलेल्या ४,२०० डॉलरसाठी पुन्हा दार उघडणं फार कठीण जातं. सर्व्हे अहवालातल्या कोणत्या आकड्यावर त्यांची हरकत आहे ते विचारा: वाया गेलेली पोती ३० नाहीत, घट ४० टक्के नाही, की एक्सेस वेगळा लावला? हिशेबात फरक पडण्याची ठिकाणं अशी मोजकीच आहेत, त्यामुळे उत्तर टाळणं अवघड जातं.

दरम्यान वाद नसलेली रक्कम ‘ऑन अकाउंट’ मागा: ‘९,००० डॉलरबद्दल आपल्यात मतभेद नाही. ते ऑन अकाउंट द्यावेत, उरलेल्या रकमेवरचा आमचा हक्क राखून.’ व्हाउचरवरही तेच शब्द हवेत. मेलमध्ये लिहून व्हाउचरवर जुनाच मजकूर ठेवलात तर सही व्हाउचरवरची धरली जाईल.

उशिराबद्दल व्याज मागता येईल का?

पॉलिसीला कोणता कायदा लागू आहे त्यावर ते ठरतं. मालविम्याच्या पॉलिसीला जोडल्या जाणाऱ्या प्रमाणित अटी, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस, यांच्या १ जानेवारी २००९ च्या छापील मजकुरात कलम १९ इंग्लिश कायदा आणि रीत लागू करतं. तुमच्या पॉलिसीत ते बदललं आहे का ते आधी बघा. इंग्लिश कायद्याखाली इन्शुरन्स ॲक्ट २०१५ चं कलम १३ए, ४ मे २०१७ पासूनच्या करारांना, ‘वाजवी वेळेत’ पैसे देण्याची गर्भित अट लावतं. त्या वेळेत तपास आणि मूल्यांकनाचा वेळही धरलेला आहे, आणि कंपनीकडे वाद घालायला वाजवी कारण असेल तर वाद चालू असेपर्यंत पैसे न देणं एवढ्यानेच अटीचा भंग ठरत नाही. व्यापारी पॉलिसीत ही अट करारानेच काढलेलीही असू शकते. म्हणून पहिल्या मेलमध्ये कलम टाकू नका. अहवाल, व्हाउचर आणि पोच हातात आल्यावर, कंपनीने कोणतंही कारण दिलेलं नसताना ते टाकलं तर त्याला वजन येतं.

पेमेंट अडकलंय आणि डिलिव्हरीला दहा महिने होत आले. जहाज कंपनीवर दावा विमा कंपनी करेल ना?

ही वाट पाहू नका, कारण इथे खरं नुकसान होतं. सागरी माल वाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांखाली जहाज कंपनीवरचा दावा डिलिव्हरीपासून एका वर्षात दाखल झाला नाही तर तो संपतो. आपल्या उदाहरणात ती तारीख पुढच्या वर्षीचा ४ मार्च. विमा कंपनीला सब्रोगेशनचा, म्हणजे तुमच्या जागी उभं राहून जहाज कंपनीकडून वसुली करण्याचा, हक्क पैसे दिल्यावर मिळतो. तोवर दावा करणारे तुम्हीच. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसचं कलम १६ तर वाहतूकदाराविरुद्धचे हक्क जपण्याची जबाबदारी तुमच्यावरच टाकतं. ते वर्ष हातातून गेलं तर विमा कंपनीला रक्कम कापायला कारण मिळतं.

आजच जहाज कंपनीला मुदतवाढ मागा. वाढ लेखी हवी, वर्ष संपण्याआधी मिळायला हवी, ‘अमुक तारखेपर्यंत, ती तारीख धरून’ अशी हवी, आणि बिल ऑफ लेडिंगवर वाहक म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्याकडून किंवा त्याच्या वतीने हवी. एजंटने ‘पाहतो’ म्हटलं म्हणजे मुदत वाढली असं होत नाही. ही विनंती पाठवली की तिची प्रत विमा कंपनीच्या पाठपुराव्यात जोडा आणि एक ओळ लिहा: ‘मुदतवाढ ४ मार्चपूर्वी मिळाली नाही तर दावा दाखल करावा लागेल, तो कोण दाखल करेल आणि खर्च कोणाचा, हे १५ दिवसांत कळवा.’ क्लेम विभागात पडलेली फाइल या ओळीने वसुली विभागाच्या समोरही जाते, आणि त्यांना स्वतःची वसुली बुडताना दिसते.

मेलमध्ये प्रत कोणाकोणाला ठेवू?

ब्रोकर, सर्व्हेअर आणि क्लेम हाताळणाऱ्याचे वरिष्ठ. तक्रार निवारण कक्ष पहिल्या मेलमध्ये नको. दिलेली तारीख उलटल्यावर त्याच धाग्यातून त्यांना पाठवा, म्हणजे आधीच्या तारखा आपोआप सोबत जातात. पॉलिसीत एकापेक्षा जास्त विमा कंपन्या वाटेकरी असतील तर मात्र सुरुवातीपासूनच प्रत्येकीला प्रत हवी. मुख्य कंपनीने आपला वाटा देऊन फाइल बंद केली, तरी इतरांचे वाटे वेगळे येतात. आलेली रक्कम कोणाची होती हे बँकेच्या नोंदीवरून जुळवून मगच बाकी मागा.