तीन मिनिटांचा परिचय

बेळगाव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

सीमाभागातल्या मराठी-कन्नड द्वैभाषिकतेवर आपल्या विभागाचं चर्चासत्र पुढच्या महिन्यात होतंय. बीजभाषणासाठी धारवाडहून मॅडम येत आहेत. त्यांचा परिचय तू करून द्यावास, अशी माझी इच्छा आहे. विभागात हे काम करणारे इतर आहेत. पण एम. ए.ला असताना खानापूरच्या दुकानदारांच्या बोलण्यावर तू प्रकल्प केलास, तेव्हा मॅडमचे लेख तू पेन्सिलीच्या खुणा करत वाचले होतेस. ज्यानं काम वाचलंय त्यानंच परिचय करावा, असं माझं मत आहे.

तुला तीन मिनिटं आहेत. सभागृहात सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे तुझा मजकूर तीनशे शब्दांच्या आत हवा. उद्घाटनाचं तुला माहीतच आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग शाली आणि श्रीफळं. अर्धा तास उशीर ठरलेला, आणि तो भरून काढायला कात्री लागते ती बीजभाषणालाच. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका ज्येष्ठ संशोधकांचा परिचय अकरा मिनिटं केला. त्यांना परतीची एस.टी. गाठायची होती. त्यांनी हातातल्या कागदांमधली शेवटची चार पानं शांतपणे घडी करून खिशात ठेवली. त्या पानांत काय होतं ते मला कधीच कळलं नाही, आणि त्याचं वाईट आजही वाटतं. म्हणून तीन मिनिटांच्या मजकुराबरोबर एका मिनिटाचाही लिहून ठेव. सूत्रसंचालकानं घड्याळ दाखवलं तर तिथल्या तिथे काय गाळायचं, हे सुचत नाही.

मॅडमचा बायोडेटा सोबत पाठवतोय. दोन पानं आहेत. पुस्तकं, पुरस्कार, समित्या, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी, सगळं आहे. तो वाचून दाखवू नकोस. ते सगळं पत्रिकेसोबतच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं आणि लोक ते तोवर वाचून मोकळे झालेले असतात. तुला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय: या विषयावर, या लोकांसमोर, याच बाईंनी का बोलावं? त्या उत्तराला जे लागेल तेवढंच घे.

मला विचारशील तर तीन गोष्टी पुरतात. पहिली, निपाणीतलं त्यांचं सुरुवातीचं काम. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचं बोलणं त्यांनी टेपवर घेतलं. त्या बायका मुकादमाशी एका भाषेत, शेजारणीशी दुसऱ्या भाषेत आणि रागावल्या की तिसऱ्याच मिश्रणात बोलत. दुसरी, या कामावरचं पुस्तक त्यांनी आधी कन्नडमध्ये लिहिलं आणि मग मराठीत स्वतःच पुन्हा लिहिलं. तिसरी, त्यांचं आजचं पद. हे बायोडेटावरून उतरवू नकोस, फोन करून विचार. बायोडेटा कधीचा आहे ते कुणी पाहत नाही, आणि निवृत्त माणसाला विभागप्रमुख म्हटलं की भाषणाचं पहिलं वाक्य त्यांना दुरुस्तीत घालवावं लागतं.

फोनवर त्यांचं नावही त्यांच्याच तोंडून ऐक. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ऱ्हस्व आणि दीर्घ ओ वेगवेगळे लिहितात. आपल्या लेखनात तो फरक दिसत नाही, त्यामुळे मराठी पत्रिकेवरून वाचलेलं कन्नड नाव हमखास चुकतं. दोन-तीनदा म्हणून घे. भाषणात काय मांडणार आहेत तेही विचार, पण सांगण्यासाठी नव्हे, टाळण्यासाठी. कुपवाडचं उदाहरण त्या नक्की घेतील. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्यांच्या वाक्यांची घडण एकमेकींच्या किती जवळ आली आहे, हे गंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 साली मांडलं. तुझाही तो आवडता लेख, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, त्या दिवशी तो मॅडमचा असू दे. तू आधी सांगितलास तर त्यांच्या वाट्याला 'आत्ताच सांगितल्याप्रमाणे' एवढंच उरतं.

आता सुराचं. आपल्याकडे याचीच मला जास्त काळजी आहे. श्रोत्यांत मराठी शिक्षक असतील, कन्नड विभागाचे सहकारी असतील, अथणी-चिकोडीकडचे दोन्ही भाषा बोलणारे विद्यार्थी असतील. अशा सभेत फार प्रेमानं म्हटलं जाणारं एक वाक्य आहे: 'मॅडम कन्नडभाषक असूनही उत्तम मराठी बोलतात.' त्यातला 'असूनही' काढ. तो शब्द पाहुण्यांना दाराबाहेर उभं करतो आणि मग आत घेतल्याचं कौतुक करतो. ज्या बाईंनी आयुष्यभर दाखवलं की इथल्या माणसाला दोन भाषा म्हणजे दोन घरं नव्हेत, त्यांचा परिचय त्या शब्दानं होऊच शकत नाही. त्याऐवजी म्हण, 'मॅडम कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहितात.' एवढं पुरे. सीमाप्रश्नाबद्दल तुला जे वाटतं ते मला माहीत आहे, मलाही वाटतं. पण परिचयाचा माईक हा पाहुण्यांसाठी उसना घेतलेला असतो.

'सूर्याला काजवा दाखवण्यासारखं' आणि 'परिचयाची आवश्यकता नाही' ही दोन वाक्यंही नकोत. मान्यवरांची नावं सूत्रसंचालकानं घेतलेली असतील, तू 'अध्यक्ष महोदय आणि मित्रहो' म्हणून सुरू कर. सुरुवात काहीशी अशी करता येईल:

'निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या एका बाईला संशोधक म्हणून कुणीतरी विचारलं, तुमची भाषा कोणती? बाई म्हणाल्या, कुणाशी बोलायचंय त्यावर हाय की. हे उत्तर ज्यांनी टिपलं आणि त्याच्या मागे वीस वर्षं गेल्या, त्या आज आपल्यात आहेत.'

हा प्रसंग त्यांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे, तरी वापरू का म्हणून त्यांना विचार. भाषणाची सुरुवात त्या त्यानंच करणार असतील तर सोडून दे आणि पुस्तकातला दुसरा घे. त्यानंतर पुस्तक, मग पद, आणि नाव अगदी शेवटी. लोक नाव ऐकून टाळ्या वाजवतात. नावानंतर आणखी वाक्य ठेवलंस तर ते टाळ्यांत बुडतं आणि पाहुण्या अर्धवट उठून उभ्या राहतात.

शेवटचं वाक्य कन्नडमध्ये म्हणावंसं वाटलं तर जरूर म्हण, पण तुला सहज येतं तेवढंच. पाठ केलेलं धारवाडकरांना लगेच कळतं.

मजकूर झाला की उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून वाच. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं. मग मला पाठव, मी पाहिला की मॅडमना पाठवू. त्यांनी काही खोडलं तर वाद घालू नकोस, परिचय त्यांचा आहे.

त्यांना फोन दुपारी चारनंतर कर. तुझा होकार रविवारपर्यंत हवा, सोमवारी पत्रिका छापायला जाईल. तुझ्या पीयू कॉलेजातून रजेसाठी पत्र लागत असेल तर तेही कळव, विभागाच्या लेटरहेडवर लगेच देतो.

तुझा,
सर