गाळ्याचं भाडं कमी करून मागताना

दादा, पहिल्यांदाच मागताय, म्हणून दोनच गोष्टी सांगतो.

भाडं थकवून मग बोलायला जाऊ नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. चालू महिन्याचं भाडं वेळेवर भरा आणि मगच मालकांची वेळ मागा. थकबाकीदाराची विनंती मालकाला सबब वाटते.

दुसरं, "धंदा मंद आहे, काहीतरी बघा" असं मोघम बोलू नका. आकडा, मुदत आणि कारण, तिन्ही सांगा. माझ्या स्टेशनरीच्या दुकानासमोर ड्रेनेजसाठी रस्ता खोदला, तेव्हा भाडं चोवीस हजार होतं. मी आधीच्या वर्षीच्या आणि चालू तीन महिन्यांच्या विक्रीची वही घेऊन गेलो. म्हटलं, "काका, रस्ता होईपर्यंत सहा महिने अठरा हजार घ्याल का? नंतर पुन्हा चोवीस." काकांनी वही दोनदा उलटसुलट पाहिली. वीस हजारांवर ठरलं. सहा महिन्यांत त्यांचे चोवीस हजार कमी झाले, म्हणजे एका महिन्याचं भाडं. गाळा दोन महिने रिकामा राहिला असता तर अठ्ठेचाळीस गेले असते. हा हिशोब त्यांना स्वतःच करू द्या. "नाहीतर सोडतो" हे तोंडातून काढू नका, विशेषतः करारातला लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता न येण्याचा ठरलेला काळ, संपला नसेल तर.

ठरलं की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: रक्कम, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आणि फरक नंतर वसूल होणार नाही. त्यावर त्यांचा होकार घ्या. शेवटचा मुद्दा लिहायचा राहिला, तर माफी आहे की उधारी, यावरून पुढे वाद होतो.